गडू साडेचार इंचांचा, फोटोत साडेतीनचा

प्रश्न: ताई, गिरगावात राहते. घरातली आणि जुन्या बाजारातून निवडून आणलेली पितळी भांडी ऑनलाइन विकते. एका गडूची उंची साडेचार इंच लिहिली होती आणि दहा रुपयांचं नाणं ठेवून फोटो काढला होता. एका गिऱ्हाइकाने नाण्यावरून हिशेब करून कळवलं की गडू जेमतेम साडेतीन इंचांचा भरतोय, आकडा चुकलाय. दुसऱ्या बाईंनी तोच गडू घेतला आणि "फोटोत केवढा मोठा वाटला होता" म्हणून परत पाठवला. मी पुन्हा मोजला, साडेचारच आहे. मग चुकतंय कुठे? शेजारी नक्की काय ठेवावं आणि फोटो कुठून काढावा?

उत्तर:

तुमचा आकडा बरोबर आहे आणि दोन्ही गिऱ्हाइकंही खरंच बोलतायत. पहिल्याने नाण्याचा फोटो पाहून हिशेब केला. दुसऱ्या बाईंनी बहुधा वरचा मोठा फोटो पाहून मनाशी अंदाज बांधला. पहिल्या फोटोने गडू लहान केला, दुसऱ्याने मोठा. चुका दोन आहेत आणि त्या उलट्या दिशेच्या आहेत, म्हणून एकेक करून बघू.

तुमचं वाचल्यावर मी माझ्याकडचा एक गडू काढला. उंची 11.5 सेंमी, म्हणजे साडेचार इंचच, आणि पोटाचा व्यास 10 सेंमी. बहुतेक जण काढतात तसा फोटो काढला: गडू टेबलावर, नाणं त्याच्या पोटासमोर टेकवून उभं, आणि मोबाइल वीतभराहून थोडा लांब, गडूच्या मध्यापासून 25 सेंमीवर. फोटो लॅपटॉपवर मोठा करून पडद्यावर फूटपट्टी लावली. नाणं 24 मिमी भरलं, गडू 78 मिमी. दहाचं खरं नाणं 27 मिमीचं. आता शाळेतलं त्रैराशिक: 78 गुणिले 27 भागिले 24, उत्तर येतं जवळपास 88 मिमी. म्हणजे साडेतीन इंचांच्याही आत. तुमच्या गिऱ्हाइकाचा हिशेब चोख होता.

हे होतं कारण वस्तू कॅमेऱ्याच्या जितकी जवळ तितकी फोटोत मोठी येते, आणि ते अगदी साध्या प्रमाणात. गडूची उंची आणि रुंदी आपण वाचतो ती त्याच्या मध्यातून जाणाऱ्या उभ्या पातळीवर. ती पातळी कॅमेऱ्यापासून 25 सेंमीवर होती. नाणं मात्र पोटाच्याही पुढे, मध्यापासून 6 सेंमी अलीकडे, म्हणजे कॅमेऱ्यापासून फक्त 19 सेंमीवर. 25 भागिले 19 म्हणजे सुमारे 1.3. नाणं गडूच्या मानाने सव्वापटीहून जास्त फुगलं, आणि फुगलेल्या नाण्याने मोजल्यावर गडू तेवढाच आक्रसला. गोल पोटाच्या भांड्यांत ही चूक सगळ्यांत मोठी होते, कारण नाणं पुढे ठेवताना पोट त्याला आणखी पुढे ढकलतं. चपट्या अडकित्त्याशेजारी ठेवलेलं नाणं कधी एवढं फसवत नाही.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही एकदमच करायचे. पहिला, मापाची वस्तू गडूच्या पुढे ठेवायची नाही, त्याच्या मध्याच्या रेषेत बाजूला ठेवायची. दुसरा, मोबाइल लांब न्यायचा. नुसतं लांब जाऊनही पुष्कळ फरक पडतो: मोबाइल एक मीटरवर नेला तर पुढे ठेवलेलं नाणंदेखील 100 भागिले 94, म्हणजे सहा टक्केच फुगतं आणि हिशेबात गडू 10.8 सेंमी भरतो. त्यात नाणं मध्यरेषेत आणलं की चूक जवळपास संपते. मध्यरेषा एखादा सेंटिमीटर चुकली तरी एक मीटरवरून फरक एका टक्क्याचा, म्हणजे गडूच्या उंचीत मिलिमीटरभराचा. तेवढ्याशी कुणी भांडत नाही.

मध्यरेषा डोळ्यांनी ठरवू नका. गोल वस्तूचा मध्य समोरून नीट कळत नाही आणि हात नेहमी पुढेच जातो. मी एका खाकी कागदावर पेन्सिलने अधिकचं मोठं चिन्ह काढून ठेवलंय. गडूची बैठक त्याच्या बरोबर मध्यावर, आणि मापाची वस्तू आडव्या रेषेवर, पोटापासून दोन-तीन सेंमी बाजूला. मोबाइल उभ्या रेषेच्या समोर. कागद फोटोत दिसला तरी काही बिघडत नाही. नको असेल तर त्यावर पातळ पांढरा कपडा पसरा, रेषा अंधूक दिसत राहतात.

आता झूमचं. एक मीटरवरून गडू लहान दिसतो, म्हणून हात आपोआप पुढे सरकतो. तसं करू नका, तिथूनच 2x करा. मोबाइलला तशी लेन्स नसेल तर साधा फोटो काढून नंतर कापा. फुगणं-आक्रसणं अंतरावर ठरतं, झूमवर नाही, त्यामुळे लांबून काढून कापलेला फोटो मापाला तितकाच खरा असतो. 0.5x ला मात्र हात लावू नका. आणि एक छुपा त्रास: काही मोबाइल वस्तूच्या फार जवळ गेलं की न विचारता त्याच रुंद लेन्सवर उडी मारतात. पडद्यावरचं चित्र एकदम हललं तर समजा लेन्स बदलली. गडू चौकटीच्या मधोमध ठेवा, कारण साध्या लेन्सलाही कडेची वस्तू थोडी ताणली जाते.

चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत एक मीटर कुठून आणायचा, असं म्हणाल. स्टुलावर गडू, दाराच्या उंबऱ्याशी मी, एवढ्यात माझं भागतं. मोठ्या समईसाठी अडीच-तीन मीटर लागतात, तेव्हा गॅलरीची लांबी कामाला येते. सकाळी शेजाऱ्यांची डबे-पाण्याची धावपळ ओसरली की अर्धा तास मिळतो. पावसाळ्यातला ढगाळ उजेड पितळेला सगळ्यांत चांगला, चमक डोळ्यांत जात नाही आणि भांड्याची कड स्वच्छ दिसते. माप वाचायचं तर कड दिसायलाच हवी.

शेजारी काय ठेवावं? नाणं वाईट नाही, पण कोणतं नाणं ते बघा. दहाची नाणी वेगवेगळ्या चित्रांची आहेत, पण सगळी 27 मिमीची. रुपयाचं तसं नाही. चलनात आज 25 मिमीचे जुने रुपये आहेत, सुमारे 22 चे आहेत आणि 2019 नंतरचे 20 चे आहेत. तुम्ही 20 वाला ठेवला आणि गिऱ्हाइकाने स्वतःच्या खिशातला 25 चा काढून ताडून पाहिला, तर तुमचा गडू त्याच्या हिशेबात सव्वापट होतो. दोनच्या आणि पाचच्या नाण्यांतही असेच फरक आहेत. म्हणून नाणं ठेवायचं तर दहाचंच, आणि खाली "दहाचं नाणं, 27 मिमी" असं लिहायचं.

नाण्याचा एक गुण मला आवडतो. ते तिरकं झालं तर लंबगोल दिसतं, पण त्याची सर्वांत लांब बाजू तरीही पूर्ण व्यासाचीच राहते. बँकेचं कार्ड किंवा पॅन कार्ड 85.6 बाय 54 मिमीचं, जगभर तेच माप, पण जरा वळलं की एक बाजू आखडते आणि ते ध्यानातही येत नाही. शिवाय त्यावरचा नंबर फोटोत जाणं धोक्याचं. ठेवायचंच असेल तर रिकामी झालेली एखादी भेटकार्डाची पट्टी बरी.

तरीही गडूसाठी मी नाणं वापरत नाही. साडेअकरा सेंमीच्या वस्तूला 27 मिमीचं नाणं लहान पडतं. पडद्यावर नाणं मोजताना अर्धा मिलिमीटर चुकला तर तीच चूक चौपट होऊन उंचीत उतरते. मापाची वस्तू विकायच्या वस्तूच्या निदान एक तृतीयांश असावी, निम्मी असेल तर उत्तम. गडू, पंचपात्र, करंडा, निरांजन यांच्यासाठी मी पेन्सिल सेल ठेवते, भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो. उंची बटणासकट 5 सेंमी, घरोघरी असतो, आणि सपाट बुडावर आपला आपण उभा राहतो. नाण्यासारखा कणकेचा गोळा लावून टेकवावा लागत नाही. गोल असल्यामुळे कुठूनही सारखाच दिसतो. कंपनीचं नाव नको असेल तर पांढऱ्या कागदाची पट्टी गुंडाळा. पितळेत त्याचं रंगीत प्रतिबिंब पडायचंही थांबतं.

काड्यापेटी, मोबाइल, चहाचा कप ठेवणारे पुष्कळ दिसतात. काड्यापेट्या आणि मोबाइल लहानमोठे असतात, कपाचं तर विचारूच नका. बांगडी मात्र आपल्याकडे गमतीशीर काम करते. "दोन-सहाची बांगडी" म्हटलं की बायकांना हातावरून माप कळतं: आतला व्यास दोन इंच आणि वर सहा सोळांश, म्हणजे साधारण 6 सेंमी. करंड्याशेजारी मी कधीकधी ठेवते. पण तो अंदाज द्यायला, मोजायला नाही, कारण बाहेरची कड बांगडीच्या जाडीप्रमाणे बदलते.

फूटपट्टी तर हवीच, फक्त तिचं शून्य बघा. प्लॅस्टिकच्या पट्टीत शून्याच्या आधी काही मिलिमीटर कोरी जागा असते. अशी पट्टी गडूशेजारी उभी केली की गडू तेवढा ठेंगणा वाचला जातो. स्टीलच्या पट्टीचं शून्य बहुधा कडेलाच असतं, तीच घ्या आणि तीही मध्यरेषेवरच उभी करा.

आता कॅमेऱ्याची उंची. आपण उभे राहून खाली बघत फोटो काढतो, गडूचं तोंड छान दिसतं, आणि उंची गुपचूप कमी होते. किती, ते फोटोतच कळतं. गडूचं गोल तोंड लंबगोल दिसत असेल तर त्याची आडवी आणि उभी लांबी मोजा. उभी लांबी आडवीच्या निम्मी असेल तर तुम्ही तीस अंशांतून खाली बघताय, आणि उंची सुमारे तेरा टक्के कमी दिसतेय. साडेअकराचा गडू दहाचा झाला. सेलही उभाच असल्यामुळे त्याचीही उंची तेवढीच घटते आणि त्रैराशिकात ते बरंचसं वळतं होतं. पण पोटाची रुंदी घटत नाही. म्हणजे रुंदी सेलच्या उंचीवरून काढली तर भांडं आहे त्याहून फुगीर भरतं. आणि जे लोक मोजत नाहीत, नुसतं बघतात, त्यांना गडू बसका वाटतो.

म्हणून मापाच्या फोटोसाठी लेन्स गडूच्या निम्म्या उंचीवर आणा. आपल्या गडूला टेबलापासून सहा सेंमी, म्हणजे चार-पाच वह्यांची चळत आणि तिच्यावर टेकवलेला आडवा मोबाइल. मोबाइल सरळ उभा हवा, मागे कलंडलेला नको. बरोबर जमलं की गडूचं तोंड जवळजवळ सरळ रेषेसारखं दिसतं. तोंडाचा काळोख दिसत असेल तर अजून वर आहात.

तोंड दाखवायला दुसरा फोटो वेगळा काढा, वरून. इथेही तीच खोच आहे. गडूचं तोंड कॅमेऱ्याला जवळ आणि टेबलावरचं नाणं साडेअकरा सेंमी खाली, त्यामुळे या वेळी नाणं आक्रसतं आणि तोंड खऱ्यापेक्षा रुंद भरतं. पट्टी टेबलावर ठेवू नका, गडूच्या काठावर आडवी ठेवा, तोंडाच्या बरोबर मध्यातून. मग काठ आणि पट्टी एकाच पातळीवर येतात.

आता दुसऱ्या बाई. त्यांना गडू मोठा वाटला याला मुख्य कारण चौकट. पांढऱ्या पार्श्वभूमीवर गडू चौकट भरून दाखवला, आणि तुमच्याच यादीत घागरही चौकट भरून आहे. मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही अंगठ्याएवढी. त्यात भर नावाची. गडू, तांब्या, लोटा यांत कुठला मोठा हे प्रत्येक घरात वेगळं असतं. एखाद्या घरी गडू म्हणजे पाणी प्यायचा लहान, तर दुसरीकडे अंघोळीला घ्यायचा भला थोरला. त्या बाईंनी "साडेचार इंच" वाचलं असेलही, पण डोळ्यांपुढे त्यांच्या माहेरचा गडू आला. फोटो टेबलाच्या पातळीवरून, अगदी जवळून आणि जरा वर बघत काढला असेल तर तो देवळाच्या कळसासारखा उंच भासतो, हेही तपासा.

यावर मी जो इलाज करते त्याला आमच्याकडे "एकच चौकट" म्हणतात. लहान भांड्यांसाठी स्टुलाची जागा आणि मोबाइलची जागा दोन्हीवर चिकटपट्टीची खूण केलीय. अंतर 1 मीटर, झूम 2x, आणि हा फोटो कधीही कापायचा नाही. निरांजन असो, गडू असो, डबा असो, सगळ्यांचा एक फोटो याच चौकटीत. निरांजनाभोवती भरपूर रिकामी जागा राहते, डब्याभोवती बरीच कमी. फोटो दिसायला फार सुंदर नसतात, निरांजनाचा तर बिचारा वाटतो. पण दोन वस्तू शेजारी पाहिल्या की कुठली केवढी ते न वाचता कळतं. पहिला फोटो सुंदर ठेवा, हा दुसरा ठेवा.

तिसरा फोटो हातातला. हात मापाला कच्चा, माझा पंजा आणि एखाद्या पहिलवानाचा पंजा सारखा नाही, पण बोटं पोटाभोवती कितपत पोचतात ते पाहून जो अंदाज येतो तो आकड्याने येत नाही. नेहमी एकच हात वापरा आणि गडू अंगाजवळ धरा. हात लांब करून कॅमेऱ्यापुढे धरलात तर गडू पुढे, अंग मागे, आणि कोळीवाड्यातला बांगडा सुरमई दिसू लागतो.

लिहिताना कुठून कुठपर्यंत मोजलं ते लिहा. मी एकदा समईची उंची 30 सेंमी लिहिली होती, वरचा मोर सोडून, कारण मोर फिरकीचा होता आणि मोजताना काढून ठेवला होता. फोटोत मोर होता. ती ज्या देवघरात जायची होती तिथे वरच्या फळीपर्यंत 32 सेंमी जागा होती आणि मोरासकट समई 35 भरली. दोन्ही बाजूंचा कुरियरचा खर्च मी सोसला. चूक माझीच होती.

तुमच्या गडूखाली मी असं लिहिलं असतं: "उंची बैठकीपासून काठापर्यंत 11.5 सेंमी, म्हणजे साडेचार इंच. पोटाचा सर्वांत रुंद व्यास 10 सेंमी. शेजारी पेन्सिल सेल, उंची 5 सेंमी. पाणी गळ्यापर्यंत इतकं." पाणी मोजून लिहा, अंदाजाने नको. स्वयंपाकघरातल्या मापाच्या भांड्याने ओतून बघायला दोन मिनिटं लागतात, आणि सेंटिमीटर वाचून ज्यांच्या डोळ्यांपुढे काही येत नाही त्यांना "अर्धा लिटर" म्हटल्यावर येतं. उंची मोजताना टेप पोटावरून वळवू नका, ती वळणाची लांबी होते. काठावर एक पट्टी आडवी ठेवा आणि टेबलापासून तिच्या खालच्या कडेपर्यंत सरळ मोजा. साडेचार इंचांचे "अंदाजे पाच" करू नका.

फोटो टाकण्याआधी तो स्वतः गिऱ्हाईक होऊन मोजा. माझ्या गडूचा नवा फोटो लॅपटॉपवर उघडला तेव्हा सेल 34 मिमी भरला आणि गडू 78. 78 गुणिले 50 भागिले 34, म्हणजे जवळपास 115 मिमी. लिहिलेल्या आकड्याशी जुळलं. गडूएवढ्या उंचीच्या वस्तूला दोन-तीन मिलिमीटरचा फरक मी चालवून घेते, त्याहून जास्त आला तर आधी सेल मध्यरेषेवर आहे का बघते, मग मोबाइलचं अंतर, मग कलंडणं. दहापैकी आठ वेळा सेलच पुढे सरकलेला सापडतो.

नथ, कुड्या असल्या बारीक दागिन्यांना हे सगळं तसंच लागू होत नाही. तिथे एक मीटरवरून काही दिसणारच नाही. पण त्या वस्तू चपट्या असतात, म्हणून मिलिमीटरच्या आलेखकागदावर ठेवून बरोबर वरून काढा. फक्त नथीचा मोती जाड असेल तर तो कागदापेक्षा कॅमेऱ्याला जवळ येतो आणि थोडा मोठा दिसतो. तिथे मोत्याचा आकडा कॅलिपरने मोजून लिहायचा.

आणि त्या परत आलेल्या गडूबद्दल: पैसे त्या बाईंना पूर्ण द्या, जाण्यायेण्याच्या खर्चासकट. पहिल्या गिऱ्हाइकाला सेल शेजारी ठेवलेला नवा फोटो पाठवा आणि नाणं पुढे होतं हे सांगा. ज्याने त्रैराशिक मांडलं होतं तो हेही मांडून बघेल, आणि गडू तुमच्याकडे परत आलेलाच आहे.